बचत मोजताना हात आखडता ठेवा : गावच्या सोसायटीचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या फायद्याचा हिशोब

मंडळी, मागच्या वेळी आपण संगणकीकरणाच्या खर्चाची बाजू पाहिली. खर्चाची बाजू तशी सोपी असते, कारण समोर कोणीतरी बिल घेऊन उभा असतो. फायद्याचे बिल कोणी आणून देत नाही, ते आपल्यालाच लिहावे लागते. आणि स्वतःच स्वतःचे बिल लिहायचे म्हटले की हात सैल सुटतो. म्हणून आज फक्त फायद्याबद्दल बोलू, आणि तेही वटाव लावायच्या आधीच्या टप्प्याबद्दल. पुढच्या पाच वर्षांतले रुपये आजच्या किमतीत आणण्याचे सूत्र कोणत्याही पुस्तकात मिळते, पण त्या सूत्रात जे आकडे घालायचे ते चुकीचे असले तर सूत्र ती चूक नीटनेटकी करून परत देते, एवढेच.

उदाहरण आपण शहापूर-मुरबाडचेच घेऊ. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. या पट्ट्यात भाताची शेती, आणि भाताच्या शेतीला कर्ज देणारी गावोगावची विविध कार्यकारी सहकारी संस्था, म्हणजे आपली सोसायटी. आदिवासी भागात तिच्या नावाआधी 'आदिवासी' हा शब्द येतो. वर ठाण्याची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि तिच्या वर राज्य बँक. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी ठरलेली रक्कम होती २,५१६ कोटी रुपये. भागाकार केला तर दर संस्थेमागे साधारण ४ लाख रुपये होतात. पैसा केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांच्यात विभागलेला आहे, म्हणून गावात लोक म्हणतात, "फुकट आलंय, घ्या." पण कोणाच्या तरी खिशातून ४ लाख गेलेले असतात, आणि दर वर्षीची देखभाल, इंटरनेट, बॅटरी, कागद-शाई हे तर पुढे गावाच्याच गळ्यात असते. तेव्हा फायदा किती, हा प्रश्न फुकटच्या वस्तूलाही विचारावा लागतो.

आता आम्ही एक सोसायटी धरतो. ही खरी नाही, तिचे आकडे आम्ही हिशोबासाठी धरलेले आहेत, पण घडण मात्र ओळखीची आहे. कर्जदार सभासद ४००. दरडोई सरासरी ४०,००० रुपये पीककर्ज, म्हणजे येणे कर्ज १ कोटी ६० लाख. एक गटसचिव, तोही आणखी एका गावची सोसायटी सांभाळणारा. एक लिपिक, महिना २४,००० रुपये. रोजकीर्द, खतावणी, तेरीज सगळे हाताने. सॉफ्टवेअर, यंत्रे, जुन्या खात्यांची नोंद आणि प्रशिक्षण मिळून खर्च ४ लाख, आणि दर वर्षी चालवण्याचा खर्च ३०,०००. आयुष्य पाच वर्षे धरू. त्यापुढे संगणकही म्हातारा होतो आणि आपला अंदाजही.

प्रस्तावात पहिली ओळ हमखास वेळेच्या बचतीची असते. मार्च महिना आला की सोसायटीत व्याजाची पत्रके करायची असतात. पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून सभासदाला व्याज शून्यावर येते. म्हणजे कोणी किती तारखेला भरले याला फार महत्त्व, आणि प्रत्येक खात्याची तारखेनिशी यादी करणे आलेच. एका खात्याला वर्षभरात ४५ मिनिटे धरली तर ४०० खात्यांना ३०० तास लागतात. सॉफ्टवेअर आल्यावर तपासणीपुरती १५ मिनिटे, म्हणजे १०० तास. वाचले २०० तास. लिपिकाचा तास, महिन्याचे १६० तास धरून, १५० रुपयांना पडतो. म्हणून प्रस्तावात लिहिले जाते, वार्षिक बचत ३०,००० रुपये. खालच्याच ओळीत असते, मार्चमध्ये एक महिना ठेवावा लागणारा हंगामी लेखनिक आता नको, बचत ९,००० रुपये. बेरीज ३९,०००.

इथे जरा थांबा. हा हंगामी लेखनिक महिनाभर, म्हणजे १६० तास बसून करतो काय? तीच पत्रके! ३०० तासांतले १६० त्याचे आणि १४० लिपिकाचे. सॉफ्टवेअरनंतर काम १०० तासांवर आले, ते एकटा लिपिक करील. म्हणजे वाचलेल्या २०० तासांतले १६० तास लेखनिकाचेच होते, आणि ते आपण ९,००० रुपयांच्या रूपाने आधीच मोजले आहेत. लिपिकाचे खरे वाचले फक्त ४० तास. एकच बचत एकदा तासांच्या कपड्यात आणि एकदा रुपयांच्या कपड्यात आली, आणि आपण दोघींना वेगवेगळ्या समजून जेवायला बसवले. आमच्या पाहण्यात ही चूक सगळ्यात जास्त येते, आणि ती लबाडीने होते असे नाही. दोन ओळी दोन माणसांनी लिहिलेल्या असतात.

बरं, ते ४० तास तरी रुपये आहेत का? लिपिकाचा पगार तर बाराही महिने तेवढाच जाणार. सोसायटीच्या रोजकीर्दीत या ४० तासांमुळे एक रुपयाही कमी खर्ची पडणार नाही. तेव्हा आम्ही असा प्रश्न विचारतो : या तासांत तो दुसरे कोणते काम करणार, आणि ते काम आज होत नाही म्हणून कोणाचे अडते आहे? 'वसुलीसाठी वाड्यापाड्यांवर जाईल' असे ठोस उत्तर आले आणि सचिवाने त्याचे दिवस ठरवून दिले, तर निम्मी किंमत धरा. ४० तासांचे ६,००० होतात, त्याचे निम्मे ३,०००. 'कार्यक्षमता वाढेल' असे उत्तर आले तर तास तासच राहू द्या, त्यांना रुपयांच्या रकान्यात आणू नका. निम्मेच का, असे कोणी विचारील. निम्म्याला शास्त्र नाही. पण सुटे सुटे वाचलेले वेळेचे तुकडे, दहा मिनिटे इथे आणि पंधरा तिथे, सलग कामाला कधीच पुरेपूर लागत नाहीत हे ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

म्हणजे ३९,००० चे झाले १२,०००. त्यातले रोख ९,०००.

आता दुसरी बचत घेऊ. ही सोसायटीला दिसत नाही, सभासदाला दिसते. वाडीवरून येणारा माणूस एसटी किंवा जीप धरून सोसायटीत येतो, आणि 'वही अजून लिहून झाली नाही, सोमवारी या' असे ऐकून परत जातो. हेलपाटा. संगणकाने हेलपाटे वाचतील हे खरेच आहे. पण किती? प्रस्तावात लिहितात, 'प्रत्येक सभासदाचे वर्षाला दोन हेलपाटे वाचतील'. हे दोन कोणी मोजले? कोणीच नाही.

मोजायला फार लागत नाही. दाराशी एक वही ठेवायची, महिनाभर. आलेल्या माणसाला विचारायचे, याच कामासाठी आधी आला होतात का, आणि तेव्हा काम का झाले नाही? समजा १०० जणांत ३० जण दुसऱ्यांदा आलेले निघाले. मोह असा होतो की हे तीसच्या तीस सॉफ्टवेअरच्या खात्यावर टाकावेत. पण कारणे बघा. १२ जण परत गेले कारण खाते लिहून तयार नव्हते. १० जण परत गेले कारण सचिव त्या दिवशी दुसऱ्या गावी होता. ८ जणांकडे स्वतःचाच सात-बारा किंवा दुसरा एखादा कागद नव्हता, किंवा बँकेतून रक्कमच आली नव्हती. सॉफ्टवेअर पहिल्या १२ जणांचे काम करील. सचिव दुसऱ्या गावी असण्यावर सॉफ्टवेअरपाशी उपाय नाही.

चारशे सभासद वर्षात सरासरी चार वेळा येतात असे धरले तर १,६०० फेऱ्या होतात, त्याचे १२ टक्के म्हणजे १९२. त्यातही वही मार्चमध्ये ठेवली असेल तर मार्चची गर्दी वर्षभराला लावणे चूक, म्हणून आम्ही १५० वर येतो. एका हेलपाट्याची किंमत काय? जाण्यायेण्याचे ६० रुपये रोख जातात, ते पूर्ण धरा. अर्ध्या दिवसाची मजुरी, रोज ४०० धरला तर २०० रुपये होते. पण आवणीच्या दिवसांत बुडालेला अर्धा दिवस आणि एप्रिल-मेमधला अर्धा दिवस यांची किंमत एक नाही. म्हणून तिथेही निम्मे, १०० रुपये. एकूण १६०. १५० हेलपाट्यांचे २४,००० रुपये.

ही रक्कम खरी आहे, आणि आमच्या मते सगळ्या यादीतली सगळ्यात महत्त्वाचीही आहे. पण ती कोणाची? सभासदांची. सभासद सोसायटीचे मालक आहेत हे कायद्याने बरोबर, तरी वाचलेल्या एसटी भाड्यातून सोसायटीचे इंटरनेटचे बिल भरता येत नाही. म्हणून फायद्याला दोन रकाने हवेत, 'संस्थेला' आणि 'सभासदाला'. खरे तर तिसराही हवा, 'बँकेला आणि सरकारला', कारण जिल्हा बँकेला आणि नाबार्डला सगळ्या सोसायट्यांचे आकडे एका साच्यात मिळणे हा या योजनेचा एक मोठा उद्देश आहे. तो फायदा वर जातो. तो सोसायटीच्या रकान्यात लिहिला की पंच कमिटीला वाटते आपल्याकडे पैसे येणार, आणि मग देखभालीची तरतूद कोणीच करत नाही.

सहज आठवले म्हणून सांगतो. मुरबाड तालुक्यातले धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा दुकानादुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे बसली. किती यंत्रे बसली हा कामाचा आकडा आहे. फायद्याचा आकडा वेगळा असतो, म्हणजे किती व्यवहार खरोखर त्यावर झाले, आणि त्यामुळे नोटांसाठी बँकेच्या रांगेतला कोणाचा किती वेळ वाचला. कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या अहवालातही 'इतकी खाती संगणकावर घेतली' हे फायदा म्हणून छापलेले असते. ती झालेली मेहनत आहे, फायदा नाही.

आता येऊ न दिसणाऱ्या फायद्यांकडे. चुका कमी होतील, विश्वास वाढेल, पारदर्शकता येईल. यांना एकदम रुपये चिकटवायचे नाहीत आणि एकदम फेकूनही द्यायचे नाहीत. प्रत्येकाची साखळी ओढत न्यायची, कुठे मोजता येईल अशा वस्तूला जाऊन भिडते का ते पाहायचे.

चुकांचे बघा. सोसायटीचे दर वर्षी लेखापरीक्षण होते, आणि नंतर दोषदुरुस्ती अहवाल जातो. मागच्या पाच वर्षांची टिपणे काढा. समजा व्याज कमी आकारल्यामुळे झालेले नुकसान एका वर्षी ४,०००, एका वर्षी ११,०००, एका वर्षी ५,०००, आणि दोन वर्षे काहीच नाही. बेरीज २०,०००, सरासरी ४,०००. यातल्या काही चुका गणिताच्या, काही तारीखच चुकीची लिहिल्याच्या. संगणक गणित चुकत नाही, पण चुकीची तारीख तो तितक्याच श्रद्धेने घेतो. म्हणून निम्मे, २,०००. प्रस्तावात याच जागी एक लाख लिहिलेले असू शकते. ते कुठून आले विचारा, आणि लेखापरीक्षणाचे टिपण समोर ठेवा.

विश्वासाचे बघा. 'विश्वास वाढून ठेवी ५ लाखांनी वाढतील, लाभ ५ लाख.' ठेव ही संस्थेची कमाई नव्हे, ते देणे आहे. कमाई फक्त व्याजातल्या फरकाची. २ टक्के फरक सुटला तर १०,००० रुपये, आणि तेही ठेवी आल्या तर, आणि त्या संगणकामुळेच आल्या तर. भात चांगले पिकले आणि त्याचे पैसे वेळेवर हातात आले म्हणूनही ठेवी वाढतात. संगणक नसता तर काय झाले असते, याच्याशी तुलना करायची असते, गेल्या वर्षाशी नव्हे. आम्ही हे १०,००० सावध अंदाजात धरत नाही. शेरा म्हणून लिहून ठेवतो.

आणि आता खरा मोठा मुद्दा, अनिष्ट तफावत. सोसायटीत काम केलेल्याच्या पोटात या शब्दाने गोळा येतो. सोसायटी बँकेला जितके कर्ज देणे आहे त्यापेक्षा सभासदांकडून येणे कर्ज कमी असले, तर मधला खड्डा म्हणजे अनिष्ट तफावत. वसूल झालेली रक्कम पगार-भाड्याला वापरली, वसुली वेळेवर बँकेत भरली नाही, वरचे व्याज चढत गेले, की खड्डा वर्षागणिक वाढतो. हाताच्या वहीत तो बहुधा ताळेबंदाच्या वेळी दिसतो, म्हणजे वर्षाने. रोजच्या रोज जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो महिन्यात दिसू शकतो.

याची किंमत किती धरायची? आमचे उत्तर आहे, रुपयांच्या रकान्यात शून्य. कारण दिसणे आणि भरून निघणे यांच्यामध्ये माणसे आहेत. सचिवाला दिसले, त्याने कमिटीपुढे ठेवले, कमिटीने वसुलीचा निर्णय घेतला, चेअरमनच्या भावकीतल्या थकबाकीदारालाही नोटीस गेली, तर फायदा. यातली एक कडी तुटली तर सॉफ्टवेअर फक्त खड्ड्याचा सुबक तक्ता छापते.

पण शून्य लिहून विषय संपवायचा नाही. उलटा प्रश्न विचारायचा. आधी वर्षवार आकडे मांडू. एकूण वार्षिक फायदा १२,००० अधिक २४,००० अधिक २,०००, म्हणजे ३८,०००. पहिल्या वर्षी वही आणि संगणक दोन्ही चालतात, पावसात वीज जाते, जुन्या खात्यांच्या शिलका जुळत नाहीत, लेखनिकही ठेवावाच लागतो. पहिल्या वर्षी शून्य धरा. दुसऱ्या वर्षी निम्मे, १९,०००. पुढची तीन वर्षे पूर्ण, १,१४,०००. पाच वर्षांत १,३३,०००. चालवण्याचा खर्च याच काळात १,५०,०००. म्हणजे मोजता आलेल्या फायद्यातून चालवण्याचा खर्चसुद्धा निघत नाही, ४ लाख तर बाजूलाच राहिले. कमी पडले ४,१७,०००.

हा आकडा पाहून कमिटी म्हणेल, मग प्रस्ताव फेटाळा. थांबा. दुसऱ्या ते पाचव्या अशा चार वर्षांत ही तूट भरायची तर वर्षाला साधारण १,०४,००० रुपयांचे नुकसान टळले पाहिजे. येणे कर्ज १ कोटी ६० लाख. म्हणजे शंभर रुपयांमागे ६५ पैसे. आता प्रश्न असा झाला : तफावत वर्षाऐवजी महिन्यात दिसली तर आपली कमिटी शंभर रुपयांमागे ६५ पैसे दर वर्षी बुडण्यापासून वाचवील का? 'पारदर्शकतेची किंमत किती' या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. या प्रश्नाला देऊ शकतो, कारण गावातल्या माणसांना आपली कमिटी ठाऊक असते, आणि मागच्या पाच ताळेबंदांत तफावत कशी वाढली तेही काढून पाहता येते. ती दर वर्षी दोन-तीन लाखांनी वाढत असेल आणि कमिटी वसुलीला बाहेर पडणारी असेल, तर प्रकल्प घेण्यासारखा आहे. तफावतच नसेल, तर हा प्रकल्प संस्थेच्या फायद्याचा नाही. तो वरच्या बँकेच्या फायद्याचा आहे, आणि चालवण्याचा खर्च वरून मागणे रास्त आहे.

एका श्रोत्याने इथे विचारले की, इतकी सावधगिरी घेतल्यावर वटावाचा दरही जोखीम म्हणून वाढवून धरायचा का? नाही. आपण वेळ निम्मा केला, हेलपाटे १९२ वरून १५० वर आणले, ठेवी सोडून दिल्या, पहिले वर्ष कोरे ठेवले. जोखमीची कात्री आकड्यांना लागलेली आहे. दरातही पुन्हा तीच जोखीम घातली तर एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा होतील, आणि लांबच्या वर्षांचे फायदे, म्हणजे नेमके सवय बसल्यानंतरचे, विनाकारण सर्वाधिक छाटले जातील. ८ टक्के दराने पाचव्या वर्षीचे ३८,००० आजचे सुमारे २५,८६० होतात. तो दर काळाची किंमत म्हणून घ्या, भीतीची किंमत म्हणून नको. आणखी एक : लिपिकाचा पगार आणि मजुरी आपण पाचही वर्षे आजच्याच भावाने धरली आहे. तेव्हा दरही महागाई वगळूनचा हवा. फायदा आजच्या भावाने आणि दर बँकेच्या छापील व्याजाचा, अशी गल्लत केली तर फायदा हकनाक कमी दिसेल. महागाईसकटचा दर घ्यायचाच असेल तर मजुरीही दर वर्षी वाढवत न्या.

दुसरा प्रश्न होता की दाराशी वही ठेवायला लिपिकाला वेळ कुठे आहे. खरे आहे. आमची सूचना अशी की महिना जमत नसेल तर मार्चमधला एक आठवडा आणि ऑगस्टमधला एक आठवडा ठेवा, नाव-गाव न लिहिता, नुसत्या चार कारणांपुढे रेघा ओढून. मात्र ही वही सॉफ्टवेअर येण्याच्या आधी भरलेली हवी. नंतर आठवून भरलेल्या वहीत सगळेच हेलपाटे संगणकाने वाचवलेले निघतात. आणि तिसऱ्या वर्षी त्याच दोन आठवड्यांत तीच वही पुन्हा ठेवा. तेव्हा १२ च्या जागी ९ निघाले तर वाचलेले हेलपाटे तीनच, आणि मग २४,००० ऐवजी सहा हजार लिहायचे.